बुकीचं मार्जिन काढताना सरळ भागायचं की घात चढवायचा? (लाँगशॉटपुरता प्रश्न)

आकडेमोड्या (धागाकर्ता)

मंडळी, मी लीड्सला असतो. फावल्या वेळात ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींचा जुना विदा चाळत बसतो. प्रत्येक घोड्याचा स्टार्टिंग प्राइस आणि निकाल, एवढंच त्यात आहे. पैसे लावत नाही. माझ्या मॉडेलला जी शक्यता दिसते ती बाजाराच्या शक्यतेशी ताडून पाहायची, एवढाच उद्योग. पण भावातून शक्यता काढायची तर त्यात मिसळलेलं बुकीचं मार्जिन आधी बाहेर काढावं लागतं, आणि तिथेच घोडं अडलंय.

सोयीसाठी आठ घोड्यांची एक शर्यत रचली आहे. भाव असे: २, ४.५, ६, ९, १३, २१, ३४ आणि ६७. लावलेले पैसे धरून हातात किती येतात, ते हे आकडे. प्रत्येक भावाचा व्यस्तांक घेतला (त्याला q म्हणू) आणि बेरीज केली, तर १ यायच्या ऐवजी १.१६९ येते. वरचं ०.१६९ बुकीचं.

पहिली वाट सरळ आहे. प्रत्येक q ला १.१६९ ने भागायचं, बेरीज १ होते. दुसऱ्या वाटेत प्रत्येक q ला एकच घातांक k चढवायचा आणि बेरीज १ होईपर्यंत k वाढवत न्यायचा. कोड चार ओळींचा आहे:

```python
from scipy.optimize import brentq

bhav = [2, 4.5, 6, 9, 13, 21, 34, 67]
q = [1/b for b in bhav]
k = brentq(lambda k: sum(x**k for x in q) - 1, 1, 5)
p = [x**k for x in q]
```

इथे k आला १.१०८. दोन्ही वाटांची उत्तरं शेजारी ठेवली तर:

| भाव | भागून | घात चढवून |
|---|---|---|
| २ | ४२.८% | ४६.४% |
| ४.५ | १९.०% | १८.९% |
| १३ | ६.६% | ५.८% |
| ३४ | २.५% | २.०% |
| ६७ | १.२८% | ०.९५% |

मधल्या घोड्यांना फारसा फरक पडत नाही. शेवटच्या घोड्याचा मार्जिनविरहित भाव मात्र पहिल्या वाटेने ७८ येतो आणि दुसऱ्या वाटेने १०५. माझं मॉडेल त्याला १.१% देतं. म्हणजे एका हिशेबाने बाजार त्याला माझ्यापेक्षा जास्त मानतो, दुसऱ्या हिशेबाने कमी. अशा लिंबूटिंबू घोड्यांसाठी कुठल्या आकड्यावर विसंबायचं?

बोलघेवडा

सगळं वाचलं. शनिवारी कुठला घोडा लावू तेवढं सांगा.

आकडेमोड्या

@बोलघेवडा, कुठलाच नको. मार्जिन काढल्याने बुकी आपलं मार्जिन परत देत नाही हो. तो आकडा फक्त कागदावर.

समीर_ठाणे

मला तर पहिलीच पद्धत बरोबर वाटते. बुकी आधी खऱ्या शक्यता मांडतो आणि मग सगळ्यांवर सारखा टक्का चढवतो. जसा चढवला तसाच उतरवायचा, मध्ये घातांकाचं झेंगट कशाला? साधं नाणेफेकीचं उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंना १.९१ भाव असतो. व्यस्तांकांच्या बेरजेने भागलं की ५०-५०. झालं काम.

गणिती_गजा

समीर, तुमच्या नाणेफेकीत घात चढवला तरी ५०-५०च येतं. दोन्ही बाजू सारख्या असल्या की कुठलीही पद्धत तेच सांगणार, त्यामुळे त्या उदाहरणावरून काहीच ठरत नाही. फरक पडतो तो भावांमध्ये दरी असली की.

धागाकर्ते, पद्धतीची निवड करण्याआधी तिच्या पोटात काय गृहीत आहे ते रुपयांत मांडून बघा. भागायची पद्धत म्हणते की प्रत्येक घोड्यावर १०० रुपये लावणारा सरासरी सारखंच गमावतो. तुमच्या शर्यतीत १०० भागिले १.१६९ म्हणजे ८५.५ परत, साडेचौदा गेले. मग फेव्हरिट लावा नाहीतर ६७वाला लावा.

घात पद्धतीत तसं नाही. तिथे फेव्हरिटवर ९२.८ परत येतात, तोटा सात रुपयांच्या आसपास. ६७वाल्यावर ६३.५ परत येतात, तोटा साडेछत्तीस. भाव जितका लांब तितका तोटा खोल. दोन्ही पद्धती जिथे एकमेकींना छेदतात तो भाव तुमच्या शर्यतीत सुमारे ४.२४ आहे, म्हणून ४.५वाला जवळपास जागचा हलला नाही. त्याच्या अलीकडच्यांना घात पद्धत वर उचलते, पलीकडच्यांना खाली दाबते.

मग प्रश्न एवढाच उरतो की प्रत्यक्षात लोक लाँगशॉटवर जास्त गमावतात का. याचं उत्तर बरंच जुनं आहे. ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेतल्या शर्यतींवरून दाखवलं की लांब भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लागतो. पुढे स्नोबर्ग आणि वुल्फर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९२ ते २००१ मधल्या अमेरिकन शर्यतींचा प्रचंड विदा घेतला. त्यात १००/१ किंवा त्याहून लांब भावाच्या घोड्यांवर सरासरी तोटा ६१ टक्क्यांच्या घरात निघाला, फेव्हरिटवर साडेपाच टक्के. सगळ्यांवर सारखा तोटा हे गृहीतक इथेच कोसळतं.

रेसकोर्सचा_जुना

गजाभाऊ, थोडं थांबा. महालक्ष्मीला आम्ही बुकीच्या रिंगणात कमी आणि टोटच्या खिडकीशी जास्त उभे राहिलो. टोटचा हिशेब अगदी उघडा. सगळा पैसा एका पेटीत, त्यातून ठरलेला टक्का कापायचा, उरलेला जिंकणाऱ्या तिकिटांना वाटायचा. कापणारा माणूस फेव्हरिट आणि फालतू घोडा असा भेद करत नाही, कात्री सगळ्यांना सारखीच. म्हणजे टोटच्या भावाला तरी सरळ भागणंच खरं. तिथे घात लावाल तर चूक व्हाल.

आणि लाँगशॉट येतच नाहीत असंही समजू नका. ग्रँड नॅशनल १९६७ला फॉइनाव्हन १००/१ने आला. पुढचे घोडे एका कुंपणापाशी एकमेकांवर आदळून पडले आणि हा मागून रमतगमत निघून गेला. २००९ला मॉन मोम, तोही १००/१.

गणिती_गजा

काका, टोटचं म्हणणं अर्धं शंभर टक्के बरोबर आहे. टोटच्या भावांच्या व्यस्तांकांना त्यांच्या बेरजेने भागलं की मिळतं काय, तर पेटीत कुठल्या घोड्यावर किती हिस्सा पैसा लागला ते. तो हिस्सा अचूक मिळतो, त्यात वादच नाही. पण पैशाचा हिस्सा आणि जिंकण्याची शक्यता या दोन गोष्टी एक असायला हव्यात असं कुणी सांगितलं?

मी वर दिलेला अमेरिकेचा अभ्यास टोटचाच आहे. तिथे कात्री सगळ्यांना सारखीच होती, तरी लाँगशॉटवाले ६१ टक्क्यांनी बुडाले आणि फेव्हरिटवाले साडेपाचने. कात्रीने हे केलेलं नाही, खिडकीवरच्या लोकांनी केलंय. दिवसभर हरलेला माणूस शेवटच्या शर्यतीत काय लावतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

रेसकोर्सचा_जुना

ते पाहिलंय. शेवटच्या रेसला खिडकीवर फेव्हरिटचं नाव घेणारा विरळा. दिवसाची सगळी भरपाई एकाच तिकिटात हवी असते, आणि ती फेव्हरिटच्या भावात बसत नाही. मग चाळीसला एक, पन्नासला एक, जे काय लांब असेल ते. बोर्डावर त्याचा भाव पडताना दिसायचा आणि आम्ही आपसांत म्हणायचो, बघा, वसुली सुरू झाली.

मान्य. पण मग तुम्ही जे करताय ते मार्जिन काढणं नाही झालं, लोकांच्या वेडाचं औषध झालं.

गणिती_गजा

अगदी! माझ्या मते या धाग्याचा खरा मुद्दा हाच. ही दोन वेगळी कामं आहेत आणि घात पद्धत ती एकाच घातांकात उरकून टाकते. भागायची पद्धत फक्त पहिलं काम करते. धागाकर्त्यांना शक्यता हवी आहे, पैशाचा हिस्सा नकोय, म्हणून लाँगशॉटपुरती मी घात पद्धत उचलेन. पण ती दुसरं काम बरोबर मापात करते का, हे वेगळं तपासायला लागेल.

स्वप्नाली_के

एक भाबडा प्रश्न. बुकीला नुकसानीची भीती लाँगशॉटचीच जास्त असणार, बरोबर? मग मार्जिन सगळ्यांवर सारख्या टक्क्यांनी न वाटता सारख्या आकड्याने वाटलं असेल. ०.१६९ भागिले ८ म्हणजे प्रत्येकी ०.०२११. ते प्रत्येक q मधून वजा करायचं. लाँगशॉटवर आपोआप जास्त भार येतो आणि घातांकही लागत नाही.

आकडेमोड्या

स्वप्नाली, दिशा बरोबर आहे, पण ६७वाल्याला लावून बघा. त्याचा q मुळातच ०.०१४९, त्यातून ०.०२११ गेले की उरतात उणे ०.००६२. उणे अर्ध्या टक्क्याहून जास्त शक्यता असलेला घोडा मी तरी पाहिलेला नाही. 😄 फुटबॉलच्या तीन निकालांत हे कसंबसं चालून जातं, आठ घोड्यांत शेपटी शून्याखाली जाते.

स्वप्नाली_के

अरे हो की! शेवटचा घोडा शर्यत संपायच्या आतच कर्जात गेला.

गणिती_गजा

दिशा बरोबर आहे हे खरंच. बुकीच्या भीतीवरून व्यवस्थित गणित मांडलं ते ह्यून साँग शिन यांनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांचा बुकी असं धरतो की पैसे लावणाऱ्यांपैकी काही जणांना आतली खबर आहे. खबरवाला लांब भावावर येऊन बसला तर बुकी मोठा फटका खाणार, म्हणून तो लांब भाव मुद्दाम आवळून ठेवतो. त्यातून निघणाऱ्या शक्यता कधी शून्याखाली जात नाहीत. आणि दोनच निकाल असले तर शिनचं उत्तर स्वप्नालीच्या वजाबाकीशी तंतोतंत जुळतं. त्यामुळे वजाबाकीला अगदीच मोडीत काढू नका.

नितीन_नाशिक

माझं थोडं वेगळं प्रकरण आहे. मी घोडे बघत नाही, टेनिस बघतो. तिथे मार्जिन जेमतेम चार टक्के असतं, म्हणून मी आजवर डोळे मिटून भागत आलोय. एवढ्याशा मार्जिनला पद्धतीने काय फरक पडणार? उदा. १.१० आणि ७.५०.

गणिती_गजा

नितीन, तुमचंच उदाहरण करून बघू, कारण ते बोलकं आहे. बेरीज १.०४२४. भागलं तर ७.५०वाल्याला १२.८ टक्के. घात चढवला तर k येतो १.१३ आणि त्याला मिळतात १०.२ टक्के. वजाबाकीने मध्ये कुठेतरी, ११.२. मार्जिनविरहित भाव एका बाजूला ७.८ आणि दुसऱ्या बाजूला ९.८. चार टक्क्यांच्या मार्जिनात एवढी दरी.

घोड्यांच्या शर्यतीत मार्जिन चौपट होतं, तरी k इथेच जास्त आला हे लक्षात घ्या. कारण असं, की १.१०वाल्याचा q आहे ०.९०९. एकाच्या इतक्या जवळच्या आकड्याला घात चढवला तर तो जागचा हलत नाही. मग बेरीज १ वर आणायची सगळी जबाबदारी दुसऱ्यावर पडते. इथे जादा ०.०४२ पैकी जवळजवळ तीन चतुर्थांश एकट्या ७.५०वाल्याच्या खिशातून गेले. म्हणून मार्जिनचा टक्का बघून निर्धास्त होऊ नका. किती निकाल आहेत आणि फेव्हरिट किती पक्का आहे, त्यावर सगळं ठरतं.

नितीन_नाशिक

बाप रे. म्हणजे मला आजवर जे 'स्वस्तातले' अंडरडॉग दिसत होते त्यातले निम्मे भागाकाराने तयार केलेले होते तर.

केदार_पुणे३८

मी धागाकर्त्यांचा कोड जसाच्या तसा चालवला आणि हे आलं:

```
ValueError: f(a) and f(b) must have different signs
```

माझे भाव एका बुकीचे नाहीत. सात-आठ बुकींमधून प्रत्येक घोड्याचा सगळ्यात चांगला भाव उचलतो. बेरीज ०.९९ येते. scipy जुनं आहे का माझं?

आकडेमोड्या

scipy चा दोष नाही. k चा शोध मी १ पासून ५ पर्यंत ठेवलाय. तुमची बेरीज k = १ लाच एकाच्या खाली आहे, मग पुढे कुठे सापडणार? खालची मर्यादा ०.५ करा, k मिळेल, साधारण ०.९९४.

गणिती_गजा

मिळेल, पण वापरू नका. k एकाच्या खाली गेला की पद्धत उलटी चालायला लागते आणि लाँगशॉटना वर उचलते. ६७वाल्याची शक्यता भागून एक टक्क्याने वाढेल, घाताने अडीच टक्क्यांनी. म्हणजे जो रोग घालवायचा होता तोच वाढवला.

शिवाय आठ बुकींमधला सर्वांत मोठा भाव म्हणजे बहुतेक वेळा ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलाय किंवा ज्याने भाव बदलायला उशीर केलाय त्याचा भाव. फेव्हरिटच्या बाबतीत सगळे बुकी जवळजवळ असतात, पण लाँगशॉटला एक ५० देतो आणि दुसरा ८०. तुम्ही नेमका ८० उचलता. मार्जिन काढायचं तर एकाच बुकीची पूर्ण यादी घ्या, हवं तर प्रत्येक बुकीचं वेगळं काढून मग सरासरी घ्या. आधी भेळ करून मग मार्जिन शोधू नका.

प्लेसवाला_परेश

मी पहिल्या तीनमध्ये येण्याच्या भावांवर हे करून पाहिलं. घातांक दीडच्या वर गेला आणि फेव्हरिट पहिल्या तीनात येण्याची शक्यता पस्तीस टक्के दाखवतोय. तो घोडा तर दर दोन रेसला एकदा प्लेस होतो. घात पद्धत भंकस आहे.

आकडेमोड्या

परेश, पहिल्या तीनात तीन घोडे येतात, म्हणून तिथे बेरीज ३ व्हायला हवी. तुम्ही ती १ वर आणलीत. कोडमधला `- 1` काढून `- 3` करा.

प्लेसवाला_परेश

केलं. आता बरं दिसतंय. 'भंकस' मागे घेतो.

समीर_ठाणे

मला अजून पटलेलं नाही. लेस्टर सिटी २०१५-१६ च्या सुरुवातीला ५०००/१ होतं आणि जिंकलं. तुमच्या घाताने ते आणखी खाली गेलं असतं. हे तर उलटंच झालं ना?

गणिती_गजा

एका निकालावरून ५०००/१ चा भाव बरोबर की चूक हे कुणालाच सांगता येणार नाही. एरवी कितीतरी तळाचे संघ असेच लांब भाव घेऊन हंगाम सुरू करतात आणि तळाशीच संपवतात, त्यांची बातमी होत नाही.

पण तुम्ही नकळत एका खऱ्या दुबळेपणावर बोट ठेवलंत. घाताला खाली तळ नाही. धागाकर्त्यांच्याच k ने १०००/१चा भाव घेतला, तर शक्यता सुमारे २१०० मध्ये एक येते. भाव आणखी लांब गेला की आणखी दबते, आणि याला शेवट नाही. आता असे भाव मुळात येतात कुठून? कोणी बसून हजारात एक असा हिशेब केलेला नसतो. ५००, १०००, ५००० हे गोल आकडे आहेत. काही बुकी तर एका मर्यादेपलीकडे भाव देतच नाहीत, कारण दहा रुपयांच्या तिकिटासाठी किती देणं अंगावर घ्यायचं याला सीमा असते. मग शेवटचे पाच घोडे एकाच भावावर उभे दिसतात, त्यातला एक खरा दोनशेत एक आणि दुसरा दोन हजारात एक असला तरी. तिथे भागा नाहीतर घात चढवा, त्या पाचांतला फरक भावात नाहीच तर निघणार कुठून?

यादीच्या शेवटी एकसारखे भाव दिसले की समजायचं, इथून खाली बाजाराचं मत संपलं.

आकडेमोड्या

हे माझ्या विद्यात दिसतं. मोठ्या शर्यतींत १००/१वर रांग लागलेली असते. बरं, गजाभाऊ, तपासणी कशी करू? दोन्ही पद्धतींचा लॉग-लॉस काढला तर फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशात येतोय.

गणिती_गजा

लॉग-लॉसमध्ये लाँगशॉट दिसणारच नाहीत. बहुतेक शर्यती पहिल्या तीन-चार भावांतले घोडे जिंकतात, तो आकडा त्यांच्याच जोरावर ठरतो. भावाप्रमाणे गट पाडा. उदाहरणार्थ ५० ते ८० मधले सगळे घोडे एका गटात. त्या गटातल्या शक्यतांची बेरीज म्हणजे किती जिंकायला हवेत, आणि प्रत्यक्षात किती जिंकले ते मोजा.

पण घोडे भरपूर लागतील. तुमच्या ६७वाल्यासारखे १००० घोडे घेतले तर भागणारी पद्धत म्हणते १३ जिंकतील, घातवाली म्हणते साडेनऊ. नुसत्या नशिबानेच हा आकडा तीन-साडेतीनने वरखाली होतो, म्हणजे ११ आले तर कुणीच हरलं नाही. ४००० घेतले तर ५१ विरुद्ध ३८, आणि नशिबाचा झोल सहा-सातचा. तिथे कुठे निवाडा दिसू लागतो. म्हणून शंभरेक शर्यती पाहून कोणी पद्धत ठरवली असेल, तर त्याने ती आवडीने ठरवली.

केदार_पुणे३८

पण गजाभाऊ, सगळीकडे लाँगशॉटला लोक डोक्यावर घेतात असंही नाही ना? हाँगकाँगच्या शर्यतींत हा कल दिसत नाही असं बुश आणि हॉल यांनी १९८८ सालीच मांडलं होतं. तिथे घात लावला तर चांगल्या लाँगशॉटवर अन्याय होईल.

गणिती_गजा

बरोबर. तिथल्या विद्याला भागणंच योग्य ठरेल. म्हणून मी पद्धत आधी न निवडता विद्याला विचारेन. `p = q^b / Σ q^b` असं लिहा. b = १ ठेवला की भागायची पद्धत. b च्या जागी त्या शर्यतीचा k ठेवला की खालची बेरीज १ होते आणि घात पद्धत मिळते. म्हणजे दोन्ही एकाच सूत्राची दोन टोकं. हजारो शर्यतींच्या निकालांवरून कंडिशनल लॉजिटने b काढा. एकाच्या जवळ आला तर समीर जिंकले, तुमच्या शर्यतींच्या सरासरी k जवळ आला तर मी.

समीर_ठाणे

चला, निदान एका टोकाला माझं नाव लागलं.

केदार_पुणे३८

पण मग घात पद्धत हवीच कशाला? तिचा k त्या शर्यतीच्या मार्जिनवरून ठरतो. एक्स्चेंजवर बेरीज १.०१ असते, तिथे अशाच आठ घोड्यांना k येईल १.००६च्या आसपास. म्हणजे घात पद्धतीच्या मते एक्स्चेंजवरच्या लोकांना लाँगशॉटचं वेड जवळजवळ नाही, आणि शेजारच्या बुकीकडे त्याच घोड्यांसाठी भरपूर आहे. वेड लोकांचं आहे असं तुम्हीच वर काकांना सांगितलंत. मग ते मार्जिनबरोबर कमीजास्त का व्हावं? माझ्या मते एकच b सगळीकडे.

गणिती_गजा

हरकत रास्त आहे, पण पूर्ण नाही. एक्स्चेंजवर कोणीही घोड्याच्या विरुद्ध पैसे लावू शकतो. लाँगशॉट महाग झाला की त्याच्या विरुद्ध जाणारे येतात आणि भाव लांबवतात. टोटच्या खिडकीवर किंवा बुकीच्या रिंगणात ती सोयच नाही. त्यामुळे मार्जिन कमी तिथे कलही कमी, असं बऱ्याच अंशी घडू शकतं आणि मग k चं मार्जिनशी बांधलेलं असणं सोयीचं पडतं. माझ्याकडे विदा कमी असेल तर मी k वापरेन, भरपूर असेल तर b.

केदार_पुणे३८

'घडू शकतं' वर मी पैसे लावत नाही. धागाकर्त्यांनी जास्त मार्जिनच्या आणि कमी मार्जिनच्या शर्यती वेगळ्या करून दोन b काढावेत. दोन्ही सारखे आले तर माझं खरं.

आकडेमोड्या

करतो. मार्जिन प्रतिघोडा दीड टक्क्याच्या खाली आणि वर असे दोन ढीग पाडतो. १००/१च्या रांगेचं काय करू, ठेवू की वगळू?

गणिती_गजा

शर्यतीतून वगळू नका, बेरीज बिघडेल. b काढताना राहू द्या. गटांची मोजणी करताना मात्र त्यांचा गट वेगळा ठेवा, ५० ते ८०वाल्यांत मिसळू नका.

रेसकोर्सचा_जुना

आणि ऐनवेळी मागे घेतलेले घोडे यादीत राहिलेत का तेही पाहा. सकाळच्या भावांत ते असतात, सुटताना नसतात. आमच्या एका दोस्ताने वर्षभर तसाच हिशेब ठेवला होता, न धावलेले घोडे हरलेले धरून.

आकडेमोड्या

काका, स्टार्टिंग प्राइस फक्त धावलेल्यांनाच मिळतो, त्यामुळे माझ्याकडे ती अडचण नसावी. तरी प्रत्येक शर्यतीची बेरीज काढून बघतो. कुठे १ च्या खाली गेली तर एखादा घोडा गळलाय असं धरून ती शर्यत बाजूला काढेन.